टाळाशिवाय भजन?

‘ताई, घरून गाऊन पाठवायच्या नोटिशीत टाळ वाजवू नका असं का लिहिलंय? टाळाशिवाय भजन कसलं?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. टाळ भजनात असणारच आहे, तो फक्त तुमच्या आवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये नको.

मोठा आवाज आला की बहुतेक फोन आपोआप माइकचा आवाज खाली ओढतात आणि मग हळूहळू वर आणतात. मंदिरात टाळ आणि गळा एकमेकांना सांभाळून घेतात, पण फोनला ते कळत नाही. ‘जय जय रामकृष्ण हरी’ म्हणताना ‘हरी’वर टाळ पडला, तर टाळ कडक ऐकू येतो आणि नेमका ‘हरी’ बुडतो. दोन्ही एकाच फायलीत असल्यामुळे नुसता गळा वर काढता येत नाही. त्यात दहा घरांतले दहा टाळ एकावर एक ठेवले की प्रत्येकाचा ठोका केसभर पुढेमागे होतो आणि खणखणीत नादाऐवजी नुसती खडखड उरते.

म्हणून आधी पेटी, पखवाज आणि बुवांचा आवाज असलेली वाटाड्या फाईल सगळ्यांना जाते. ती मशीनच्या ठोक्यावर केलेली नाही, कारण आपलं भजन शेवटच्या गजराकडे जाताना चढतं आणि ती चढण सगळ्यांना एकाच जागी मिळायला हवी. ती इअरफोनवरच ऐका. स्पीकरवर लावलीत तर पेटी तुमच्या माइकमध्ये शिरते आणि तुमचा सूर जरा जरी हलला तरी तो झाकता येत नाही.

शक्यतो वायरचा इअरफोन घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत उशिरा पोचतो. मध्य लयीत एक मात्रा साधारण अर्ध्या सेकंदाची धरली, तर सेकंदाचा पाचवा भाग उशीर झाला तरी तुम्ही जवळजवळ अर्धी मात्रा मागे गाता. सुरुवातीच्या तीन टाळ्या यासाठीच आहेत. फाईलमधल्या टाळ्यांबरोबर तुम्हीही टाळ्या वाजवा. मिक्स करताना मी त्या एकमेकींवर बसवते आणि उशीर सगळीकडे सारखा असेल तर तो तिथेच निघून जातो. टाळ्याच नसतील तर कुठून जुळवायचं ते कानानेच शोधावं लागतं.

आणखी एक, व्हॉइस मेसेज करू नका. बोलण्यासाठी केलेली ती सोय आहे. लांब धरलेला आकार तिला पंख्याच्या आवाजासारखाच वाटू शकतो आणि ती तो कापायला जाते. फोनच्या रेकॉर्डरवर गा आणि फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

टाळ सगळ्यात शेवटी, गळे जुळल्यावर. आपल्यातली एकजण ते ऐकत, फोन पाचसहा फुटांवर ठेवून वाजवेल आणि वेगवेगळ्या जोड्या घेऊन पुन्हा पुन्हा वाजवेल. त्यामुळे टाळ एका हाताचे असले तरी कानाला अनेकींचे वाटतील.