चौदा ओळी की पंधरा?

सोमवार, वेंगुर्ले

शाकारणीचे दिवस. वाडीत जिकडेतिकडे छपरावर माणसे आणि खाली रचलेली कौले. सुट्टीला आलेली नात लॅपटॉप घेऊन माझ्या ड्रॉइंग बोर्डावरच बसली. "आबा, आता ह्याच्यावर काढायचं," म्हणाली. फ्रीकॅड नावाचे सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळते. मी म्हटले, काढू, पण खरे काम काढू. शेजारच्यांचे चिऱ्याचे घर हातात आहेच. साधे दोन पाख्यांचे छप्पर, मंगलोरी कौले, घराची लांबी दहा मीटर.

आढ्यापासून भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत आडवे अंतर 3000 मिमी, उतार 30 अंश. मी सेक्शनचा अर्धा त्रिकोण काढला. रेषा पांढऱ्या. माऊसने टोक ओढले तर सगळा त्रिकोण रबरासारखा हलतो. नात म्हणाली, अजून मापे बांधलेली नाहीत म्हणून. मग मी अंतर दिले, उतार दिला आणि रेषा हिरव्या झाल्या. हिरव्या म्हणजे आता काहीच मोकळे उरले नाही.

सवयीने आढ्याची उंचीही लिहिली, 1730. लगेच लाल संदेश: मापे एकमेकांशी भांडतात. अंतर आणि उतार दिल्यावर उंची आपोआप ठरते, आणि ती 1732 येते. कागदावर मी तिन्ही मापे लिहायचो, दोन मिलिमीटर इकडेतिकडे कुणी विचारत नसे, मेस्त्री आपला जुळवून घेई. इथे आधी ठरवावे लागते की तिघांपैकी मालक कोण आणि मागून येणारा कोण. नातीने उंचीचे माप नुसते दाखवण्यापुरते ठेवले. ते दिसते, पण त्याचा हुकूम चालत नाही. आम्ही असे माप कंसात लिहायचो, तेच हे. हे एवढे मला लगेच पटले.

बुधवार

शेजारी सकाळी आले. हॉल फूटभर रुंद हवा, म्हणजे 300 मिमी, दोन्ही बाजूंना दीडशे दीडशे.

पूर्वी ह्या एका वाक्याने माझा आठवडा जायचा. प्लॅन, सेक्शन, दोन एलेव्हेशन, सगळीकडची शाई ब्लेडने खरवडायची. ट्रेसिंग पेपर एकदा खरवडला की खरबरीत होतो आणि दुसऱ्यांदा शाई पसरते. मग अमोनियाचे प्रिंट नव्याने. नातीने 3000 च्या जागी 3150 टाकले आणि छप्पर उभे राहिले. आढे भिंतीच्या माथ्यापासून 1732 वर होते ते 1819 वर गेले. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले, बरोबर होते.

पण छप्पर बरोबर असले तरी कौले बरोबर नव्हती, आणि ते लॅपटॉपला कळायचे कारण नाही. तिने भिंतीबाहेरचे छप्पर 900 धरले होते. म्हणजे आडवे अंतर 4050, उतारावरची लांबी 4677. मंगलोरी कौल साधारण 410 मिमी लांब असते, पण वरच्या कौलाखाली झाकले जाऊन उघडे राहते ते 320 च्या आसपास, आणि तेवढ्याच अंतराने कौले टेकायच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे रिपा, मारतात. 4677 ला 320 ने भागा, 14.61 येते. साडेचौदा ओळी कौले कशी बसवणार? आढ्याजवळ प्रत्येक कौल कापावे लागेल आणि कापलेल्या कडेतून पावसात पाणी शिरेल. म्हणून आमच्याकडे मेस्त्री आधी रिपांचे अंतर विचारतो, घराची रुंदी नंतर.

नातीला हे सांगितले तर ती गप्प बसली नाही, उलट तिचे डोळे चमकले. "मग ओळींना मालक करूया ना!" स्प्रेडशीटमध्ये तिने ही दोन सूत्रे लिहिली:

```
courses: =ceil((half + min_eave) / cos(pitch) / gauge)
eave:    =courses * gauge * cos(pitch) - half
```

courses म्हणजे ओळी, half आढ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर, eave भिंतीबाहेरचे छप्पर, min_eave त्याचे किमान माप, pitch उतार, gauge रिपांचे अंतर, आणि ceil म्हणजे अपूर्णांक वरच्या पूर्ण आकड्याला ढकलणे. म्हणजे ओळी नेहमी पूर्ण आकड्यात आणि उरलेले सगळे भिंतीबाहेरच्या छपराच्या माथी. ते किमान 750 असावे हे मी सांगितले, चिऱ्याच्या भिंतीवर पावसाची झोड नको म्हणून. जुन्या रुंदीला 14 ओळी आल्या आणि छप्पर 880 बाहेर. छान.

नव्या रुंदीला मात्र 15 ओळी, 1007 बाहेर. मला खटकले. हाताने हिशेब केला: 3150 अधिक 750 म्हणजे 3900, उतारावर 4503, ओळी 14.07. ह्या सात शतांशासाठी सूत्राने अख्खी ओळ वाढवली! दोन्ही पाख्यांची मिळून शंभराच्या आसपास कौले, वासे लांब, आणि पागोळीची कड आधीच्या हिशेबापेक्षा सत्तरेक मिलिमीटर खाली. बाजूच्या खोलीचा उजेड जाणार. 14 ओळीच ठेवल्या तर छप्पर 730 बाहेर येते, वीसच कमी. पण सूत्राला 'वीसच' म्हणजे काय ते ठाऊक नाही. वर ढकल म्हटले की ते ढकलते.

गुरुवार

मेस्त्रीला बोलावले. त्याने शेजाऱ्यांच्या ढिगातली दहा कौले जमिनीवर उपडी मांडली, एकदा घट्ट ढकलून आणि एकदा खाचेत अडकेपर्यंत ताणून, आणि दोन्ही वेळा टेपने लांबी घेतली. दोन्हींतून कौलामागे येणाऱ्या अंतरांच्या मधला आकडा रिपेला धरायचा, ही त्यांची रीत. कौल भट्टीतून निघते, प्रत्येक घाण्याचे थोडे वेगळे, म्हणून छापील मापावर तो कधीच जात नाही. 320 वर दोन मिलिमीटर ताण चालेल का विचारले, तर म्हणाला, "तात्यांनू, दोनाक काय धाड भरली नाय."

नातीने gauge मध्ये 322 टाकले. 4503 ला 322 ने भागल्यावर 13.98. ओळी 14, छप्पर 754 बाहेर. रिपेमागे दोन मिलिमीटर आणि चौदा ओळींत आडवे चोवीस. शंभर कौले वाचली आणि सूत्राचा नियमही मोडला नाही.

ती म्हणाली, मग 322 च कायम ठेवूया. मी नको म्हटले. दुसऱ्या भट्टीचा माल आला की पुन्हा दहा कौले मांडायची आणि तो आकडा भरायचा. तिने त्या चौकटीला पिवळा रंग दिला आणि शेजारी लिहिले: 'कौले आल्यावर भरणे.' मला तिचे हे आवडले. किती कॉलेज-शिकलेल्यांना हे सुचत नाही (बोललो नाही, डोक्यावर बसेल).

शनिवार

छपाईच्या दुकानातून ए-टू कागदावर सेक्शन काढून आणले. मेस्त्रीला लॅपटॉप नको, कागदच हवा. रिपांचे अंतर मोठ्या अक्षरात लिहिले आणि आढ्याची उंची कंसात ठेवली.

उद्या पडवी. तिथे मुख्य पाख्याचा उतार मोडून 22 अंशांवर येतो. मंगलोरी कौलाला इतका कमी उतार मला पसंत नाही, जोराच्या पावसात वारा पाणी खाचेतून उलटे वर ढकलतो. शेजाऱ्यांना मात्र पडवीची कड उंच हवी. नात म्हणते पडवीला वेगळे स्केच आणि वेगळी ओळसंख्या. मी म्हणतो एकच स्केच, म्हणजे वरच्या पाख्यात काही बदलले की पडवी आपोआप सरकेल. वाद अजून मिटलेला नाही, आणि जेवायला बोलावणे आले आहे.