अर्धा तास, तोबी पहाटेचा

आज सोयाबीनची आवक दणकून होती. लातूरच्या आडतीवर पट्ट्या लिहून घरी यायला रात्रीचे साडेनऊ. अशा रात्री डोळे उघडे राहत नाहीत, म्हणून एमपीएससीचा अर्धा तास पहाटेच उरकलेला असतो.

पहिली दहा मिनिटं पुस्तक बंद. कोऱ्या कागदावर कालचं आठवून लिहायचं. काल राज्यघटनेतला समानतेचा हक्क होता, कलम 14 ते 18. आज 14, 17, 18 झटक्यात उतरले, 15 आणि 16 मात्र एकमेकांत घुसले. मग पुस्तक उघडून तेवढंच बघितलं: 15 म्हणजे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून भेदभाव नाही, 16 म्हणजे सरकारी नोकरीत समान संधी. त्या दोघांवर लाल खूण. ते परवा परत, मग आठवड्यानं. नुसतं वाचत बसलं की सगळं ओळखीचं वाटतं, अन् पेपरात आठवत काहीच नाही.

पुढची पंधरा मिनिटं नवीन, फक्त कलम 19. उरलेल्या पाचात उद्याचं पान काढून ठेवायचं, नाहीतर उद्या काय वाचू यातच वेळ जातो.

दिवाणजी म्हणले, "अर्ध्या तासात कुठं परीक्षा निघती व्हय?" अख्खी नाही निघत, खरंय. गणिताला रविवारी सलग दोन तास काढावेच लागतात. अन् ज्या पहाटे नळाला पाणी येतं, त्या दिवशी फक्त पहिली दहा मिनिटं, नवीन काही नाही.