चवथीच्या आधी गळका एल्बो बदलताना: पीव्हीसी जोडाचा माझा अनुभव

पाइप कापणं, एल्बो बसवणं ही कामं चटकन उरकतात. माझा वेळ आणि चिडचिड दोन्ही खाल्ली ती थेंबभर पाण्याने, आणि नंतर जोड सुकेपर्यंत घरच्यांना थोपवून धरण्याने. म्हणून त्याच दोन गोष्टींवर जास्त लिहितो.

गच्चीवरच्या टाकीतून एक इंची पांढरा यूपीव्हीसी पाइप निघतो, गेट व्हॉल्व्हमधून पुढे आडवा जातो आणि एल्बोने भिंतीवरून खाली उतरतो. गळत होता तो एल्बोचा टाकीकडचा जोड. त्यावर आधीच कुणीतरी बाहेरून सोल्युशनचे थर चढवले होते. हार्डवेअरच्या दुकानातही तोच सल्ला मिळतो, की वरून अजून थोडं लावा. त्याने गळती थांबत नाही. हे सोल्युशन म्हणजे सोल्व्हंट सिमेंट, तो चिकटवण्याचा गोंद नाही. त्यातला द्रव पाइपचा बाहेरचा आणि सॉकेटचा आतला पृष्ठभाग मऊ करतो, दोन्ही एकमेकांत दाबले गेले की ते एकजीव होतात, आणि द्रव उडून गेला की पुन्हा कडक होतात. बाहेरून दिलेल्या थराला हा दाब मिळतच नाही आणि आतलं पाणी त्याला सहज उचलतं. गळका जोड कापून काढायचा, दुसरा उपाय नाही.

कापलेला एल्बो फेकू नका. हॅक्सॉने तो लांबीत उभा चिरा आणि आत बघा. जिथे जोड नीट झालाय तिथे दोन भाग वेगळे करताना प्लास्टिक फाटतं आणि पृष्ठभाग मळकट, खरबरीत दिसतो. जिथे झाला नाही तिथे पाइप कारखान्यातून आल्यासारखा चकचकीत राहतो. या एल्बोत तळाच्या बाजूने तीन-चार मिलिमीटर रुंद चकचकीत पट्टी होती, सॉकेटच्या तोंडापासून थेट आतपर्यंत. आडव्या पाइपच्या तळाशी पाणी वाहत असताना जोड लावला, याचा हा पुरावा. पट्टी सगळीकडून गोल असती तर सोल्युशन लावल्यावर उशीर झाला आणि वर साय धरली, असं म्हटलं असतं. सोल्युशन सॉकेटच्या तोंडाशीच गोळा झालेलं दिसलं, तर पाइपची कड घासली नव्हती आणि तिने आत जाताना ते खरवडून काढलं, असं समजायचं.

पाणी तळाशी का होतं? गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद करूनही थेंब सोडत होता. टाकी रिकामी करणं हा सोपा उपाय, पण नळाला पाणी सकाळीच येतं आणि चवथीला घर भरलेलं असताना हजार लिटर पाणी ओतून द्यायला कोण तयार होईल? व्हॉल्व्हनंतर युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड, असता तर तो सैल करून थेंब बाहेर काढता आले असते. तोही नव्हता. कापडाने पुसायचं, सोल्युशनची डबी उघडायची, तोवर पुन्हा ओल. हे चालू राहिलं की माणूस ‘होऊ दे’ म्हणून जोड दाबतो, आणि तिथेच पुढची गळती ठरते.

अशा वेळी पाव कामाला येतो. पोदेराच्या पावाचं फक्त मऊ पांढरं काढायचं, कवच नको. त्याचा घट्ट गोळा करून टाकीकडच्या पाइपात काठीने निदान 15 सेंटिमीटर आत सारायचा, म्हणजे जोडाच्या जागेला ओल लागत नाही. थेंबांपुरता तो काही वेळ पाणी धरतो, धारेपुढे टिकत नाही. नंतर भिजून विरघळतो. पुढे पाणी सोडताना गीझरचा व्हॉल्व्ह बंद ठेवा, शॉवर उघडू नका, आणि जाळी नसलेल्या खालच्या नळातून पाव वाहून जाऊ द्या.

पाव बसल्यावरच पृष्ठभागाला हात घातला. कापलेल्या कडेचा भुसा आतून-बाहेरून काढला, कानशीने बाहेरची कड साधारण 2 मिलिमीटर तिरकी केली. चिऱ्याच्या भिंतीजवळ काम असलं की तांबडी धूळ पाइपला लागलेली असतेच. ती सुक्या सुती कापडाने पुसून, हलका पॉलिश पेपर मारून पुन्हा पुसायची. नव्या एल्बोच्या सॉकेटची खोली 28 मिलिमीटर भरली, तेवढ्यावर पाइपला पेन्सिलची खूण केली. ही खूण हवीच, कारण सॉकेट आत निमुळता असतो आणि ओला जोड पाइपला हळूच मागे ढकलतो.

इथेच सांगतो, नाहीतर राहून जाईल: कोरडा पाइप सॉकेटमध्ये एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश जाऊन अडायला हवा. खुळखुळत तळापर्यंत गेला तर माप चुकलंय. शेतीचा 32 मिमी पाइप आणि प्लंबिंगचा एक इंची पाइप दिसायला सारखे, पण एक इंचीचा बाहेरचा व्यास 33.4 मिमी असतो. ती फट सोल्युशनने भरत नाही. आणि डबीतलं सोल्युशन जेलीसारखं झालं असेल तर थिनर घालून चालवू नका, नवी डबी आणा.

पाइपला भरपूर, सॉकेटला पातळ थर, पुन्हा एकदा पाइपला. सॉकेटमध्ये जास्त लावलं तर ते तळाशी साचतं आणि पाइपची भिंत मऊ करत राहतं. पावसाळ्यात हे सगळं झटपट हवं, कारण द्रव उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतली ओल त्यावर बसते. खुणेपर्यंत दाबत पाइप एक-चतुर्थांश फेरा फिरवला आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवला. तोंडाशी सलग गोल कडी दिसली, जादा पुसून टाकलं. वाफ पेट घेते, तेव्हा जवळ दिवा-अगरबत्ती नको.

मग सुरू झाली वाट पाहणं. ‘सुकलं की, नखाने बघ’, असं घरातला प्रत्येकजण म्हणत होता. बाहेरची कडी आधीच कडक होते, तिच्यावरून आतलं काही कळत नाही. आतल्या द्रवाला बाहेर पडायला वाट कमी. डबीवरच्या तक्त्यात एक इंचीला, 15 ते 38 अंशांत, कमी दाबासाठी मिनिटांचा हिशेब असतो, पण तो कोरड्या हवेचा. दमट हवेत निदान दीडपट धरतात, आणि श्रावण-भाद्रपदातली आमची हवा दमटच. दिवसाउजेडी अर्धा तास पाइपला धक्का लावू दिला नाही, आणि रात्रभर पाणी सोडलं नाही. खालचा नळ उघडा ठेवला, म्हणजे वाफही जाते आणि पाव भिजल्यावर झिरपलेलं पाणी जोडावर साचत नाही. पंपाच्या लाइनवर, जिथे पंप सुरू-बंद होताना पाण्याचा झटका बसतो, मी पूर्ण 24 तास ठेवतो. तिथे घाई केलेला जोड त्याच दिवशी फुटतोच असं नाही. मऊ असताना बसलेल्या झटक्याने आत केसासारखी वाट पडते आणि पाझर महिन्याभराने दिसतो.

सकाळी खालचा नळ तसाच उघडा ठेवून व्हॉल्व्ह थोडासाच फिरवला. आधी हवा फुरफुरली, मग पावाचे कण आले, मग स्वच्छ पाणी. तेव्हा कुठे नळ बंद केला, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि जोडाभोवती वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळली. पावसाळ्यात थंड पाइपला घाम येतो, त्यामुळे शेजारच्या सरळ पाइपलाही एक पट्टी लावावी. दोन्ही सारख्या ओल्या झाल्या तर तो घाम, फक्त जोडावरची भिजली तर गळती. दुपारपर्यंत दोन्ही कोरड्या होत्या.