आकाशगंगेवर चालणारा शेणकिडा: माझ्या मॉडेलची प्रगती

शेणाचा गोळा ढकलणाऱ्या किड्याचं कॉम्प्युटर मॉडेल आता सरळ चालायला लागलंय, आणि वाटेत धक्का बसला तर पुन्हा दिशा शोधायलाही शिकलंय. हे दुसरं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी रंजक निघालं, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहितोय.

आधी खऱ्या किड्याविषयी. माझ्यासमोर आहे तो दक्षिण आफ्रिकेतला स्कॅरेबियस सॅटायरस, रात्री हिंडणारा शेणकिडा. ताज्या शेणाच्या ढिगावर बरेच किडे एकदम जमतात. एखाद्याने मेहनतीने गोळा वळला की दुसरा तो हिसकावायला टपलेला असतो. म्हणून गोळा तयार झाला की तो घेऊन ढिगापासून शक्य तितक्या लवकर लांब जायचं आणि मऊ जमीन सापडली की गोळ्यासकट पुरून घ्यायचं, एवढाच त्याचा बेत. ढकलताना त्याचं डोकं खाली, मागचे पाय गोळ्यावर, आणि चाल उलटी. जायचं आहे त्या बाजूला तो बघतही नसतो.

त्याला कुठल्याही ठरावीक ठिकाणी पोचायचं नसतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मुंगीला वारूळ गाठायचं असतं, मधमाशीला पोळं. याला फक्त निवडलेली दिशा सोडायची नाही. त्यामुळे अंतर मोजणं, घर लक्षात ठेवणं, यातलं काहीच मॉडेलमध्ये घालावं लागलं नाही. उरला एकच प्रश्न: दिशा टिकवायची कशी?

बाहेरची एकही खूण न बघता, नुसत्या पायांच्या अंदाजावर सरळ चालता येईल का, हे मी पहिल्यांदा तपासलं. किडा 2 सेंमीची पावलं टाकतो आणि प्रत्येक पावलाला त्याची दिशा थोडी चुकते, असं धरलं. चुकीचं प्रमाण विचलन 20 अंश घेतलं. हा आकडा माझा आहे, खडबडीत जमिनीवर उलटं चालणाऱ्या प्राण्यासाठी मला तो पटण्यासारखा वाटला.

```python
import numpy as np

def gadgad(compass, n=100, l=2.0, s=np.radians(20)):
    e = np.random.normal(0, s, n)
    a = e if compass else np.cumsum(e)
    return l*np.cos(a).sum(), l*np.sin(a).sum()

x = np.mean([gadgad(False)[0] for _ in range(10000)])
```

सगळा फरक `a` च्या ओळीत आहे. होकायंत्र असेल तर प्रत्येक पावलाची चूक त्या पावलापुरतीच राहते, कारण पुढचं पाऊल पुन्हा मूळ दिशेशी ताडून टाकलं जातं. नसेल तर चुका साठत जातात, कारण पुढचं पाऊल आधीच्या चुकलेल्या पावलावरून मोजलं जातं. 100 पावलं, म्हणजे 2 मीटर ढकलल्यावर, होकायंत्र असलेला किडा ठरवलेल्या दिशेने सरासरी 188 सेंमी पुढे जातो. नसलेला जेमतेम 32 सेंमी.

आणि `n` कितीही वाढवा, हे 32 सेंमी वाढत नाहीत. कागदावर गणित केलं की कारण दिसतं. 20 अंशांच्या चुकीत प्रत्येक पावलाला मूळ दिशेचा सुमारे 94 टक्के भाग टिकतो. पुढच्या पावलाला त्याचे 94 टक्के, मग त्याचेही 94 टक्के. या भूमिती श्रेणीची बेरीज एका मर्यादेला जाऊन थांबते. म्हणजे होकायंत्र नसलेला किडा रात्रभर गोळा ढकलत राहिला तरी त्या दिशेने त्याची सरासरी प्रगती तेवढीच. तो भटकत भटकत ढिगापासून लांब जाईलही, पण फार मोठा वळसा घेऊन, आणि मधेच पुन्हा ढिगापाशी यायचा धोका पत्करून. ज्यांनी हा कोड चालवलाय त्यांनी `s` 30 अंश करून बघा, मर्यादा 14 सेंमीच्याही खाली येते.

खऱ्या किड्यांवर हेच तपासून पाहिलंय. मारी डाके, एमिली बेअर्ड, मार्कस बर्न, क्लार्क शोल्ट्झ आणि एरिक वॉरंट यांनी 2013 साली ‘करंट बायॉलॉजी’त निबंध प्रसिद्ध केला. किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याची छोटी टोपी चिकटवली, म्हणजे आकाश दिसेना. लगेच वाटा वेड्यावाकड्या झाल्या आणि खूप लांबल्या. टोपीच्या ओझ्याने तर असं होत नाही ना, हे बघायला दुसऱ्या किड्यांना पारदर्शक प्लॅस्टिकच्या टोप्या घातल्या. ते सरळ गेले. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण शंकेला जागाच राहत नाही: ओझं तसंच ठेवलं आणि फक्त आकाश परत दिलं.

चंद्र असेल तेव्हा काम सोपं असतं. शेणकिडे चांदण्याच्या ध्रुवीभूत प्रकाशावरून दिशा धरू शकतात, हे याच मंडळींपैकी काहींनी 2003 मध्ये दुसऱ्या एका जातीवर दाखवलं होतं. पण चंद्र नसलेल्या रात्रीही किडे बऱ्यापैकी सरळ जात होते. मग आकाशातलं नेमकं काय वापरत होते? उघड्यावर तारे विझवता येत नाहीत, म्हणून किड्यांना जोहान्सबर्गच्या तारांगणात नेलं. रिंगणाच्या मधे किडा सोडायचा आणि काठापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते मोजायचं. पूर्ण ताऱ्यांनी भरलेलं आकाश दाखवलं तेव्हाचा वेळ आणि फक्त आकाशगंगेचा पट्टा दाखवला तेव्हाचा वेळ जवळपास सारखाच आला. फक्त 18 सर्वांत तेजस्वी तारे दाखवले तेव्हा मात्र किडे खूप रेंगाळले. सुटे तारे त्याच्या डोळ्याला फार मंद असतात. आकाशगंगेचा पट्टा मात्र रुंद असतो आणि त्यातला उजेड एकत्र मिळून त्याला पुरतो.

आता मॉडेलचा दुसरा टप्पा. गोळा ढकलायच्या आधी किडा त्यावर चढतो आणि स्वतःभोवती गोल फिरतो. अभ्यासक याला नाच म्हणतात. गोळा हातचा सुटला, अडथळा आला किंवा आकाशातली खूण अचानक बदलली, की तो पुन्हा नाचतो. बाझिल एल युंडी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये कृत्रिम आकाशाखाली दाखवलं की नाचताना किडा आकाशाचं एक चित्र मनात साठवतो आणि ढकलताना समोरचं आकाश त्याच्याशी जुळवत राहतो. ते चित्र खऱ्या आकाशासारखं असलंच पाहिजे असंही नाही. सूर्य आणि ध्रुवीभूत प्रकाश निसर्गात कधीच नसतील अशा ठिकाणी ठेवले तरी त्याचं काम चाललं.

हे मॉडेलमध्ये आणणं सोपं गेलं. आकाशाचे 10 अंशांचे 36 भाग केले आणि प्रत्येक भागाला एक सरासरी उजेड दिला. एवढ्या जाड भागांत सुटे तारे आपोआप पुसले जातात आणि पट्टा राहतो. नाचताना हे 36 आकडे साठवायचे. मग दर पावलाला नवे 36 आकडे घ्यायचे, गोल फिरवून बघायचे आणि फरकांच्या वर्गांची बेरीज जिथे सर्वांत कमी येईल तेवढं वळायचं. तोवर आकाश फिरणार नाही का, अशी शंका येईल. आकाश तासाला 15 अंश फिरतं, म्हणजे 1 अंशाला 4 मिनिटं. गोळ्याचा प्रवास काही मिनिटांत संपतो, तेव्हा ही चूक पावलांच्या चुकीपुढे नगण्य आहे. दूर स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याला मात्र ती अशी सोडून देता येणार नाही.

अडचण आली ती पट्टा बरोबर डोक्यावरून जातो तेव्हा. आकाशगंगेची दोन्ही टोकं समोरासमोरच्या क्षितिजांकडे उतरतात, आणि दोन्हीकडे सारखाच उजेड असेल तर 36 आकड्यांचं ते वर्तुळ 180 अंश फिरवलं तरी जसंच्या तसं जुळतं. नुसतं चालताना याने काही बिघडत नाही, कारण तेव्हा मी आधीच्या दिशेच्या आसपास 30 अंशांतच जुळणी शोधतो. पण धक्का देऊन गोळा पाडला आणि पूर्ण वर्तुळात शोधायला लावलं की निम्मे किडे थेट उलटे, ढिगाकडे वळतात. वाटेच्या लांबीवरून हे कळत नाही, कारण दोन्ही तुकडे आपापल्या परीने सरळच असतात. धक्क्यापूर्वीची आणि नंतरची दिशा यांतला कोन काढला आणि त्याचा आलेख केला, तेव्हा 0 आणि 180 वर दोन वेगळे ढीग दिसले. मॉडेल करणाऱ्यांनी हा कोन नक्की नोंदवावा असं माझं मत आहे.

याचं उत्तर जेम्स फॉस्टर आणि सहकाऱ्यांच्या 2017 च्या कामात आहे. त्यांनी कृत्रिम आकाशाखाली किडे तपासले आणि आढळलं की किडा आकाशगंगेच्या वेगवेगळ्या भागांच्या उजेडाची तुलना करतो. किड्याला ओळखू येणारा किमान फरक 13 टक्के निघाला. हा फरक म्हणजे दोन उजेडांची वजाबाकी भागिले बेरीज. एका बाजूला 113 एकक उजेड आणि दुसऱ्या बाजूला 87 असेल तर वजाबाकी 26, बेरीज 200, म्हणजे 13 टक्के. एक बाजू दुसरीच्या सुमारे 1.3 पट उजळ असली की झालं. आकाशगंगेच्या दक्षिणेकडच्या आणि उत्तरेकडच्या बाजूंत खऱ्या आकाशात जो फरक असतो तो ओळखायला हे पुरेसं आहे. म्हणजे पट्टा डोक्यावरून जवळजवळ सममित गेला तरी किडा पुढचं मागचं वेगळं करू शकतो.

मी माझ्या आकाशात एका टोकाचा उजेड हळूहळू वाढवत नेला, तसा 180 वरचा ढीग खचत गेला आणि शेवटी नाहीसा झाला. तो किती टक्क्यांना नाहीसा होतो याला मात्र मी महत्त्व देत नाही. तो आकडा मी प्रत्येक भागाच्या उजेडात किती गोंगाट, म्हणजे आपोआप होणारे चढउतार, मिसळतो यावर ठरतो, आणि गोंगाट कमीजास्त करून 13 टक्के काय, कुठलाही आकडा आणता येईल. अंधारात डोळ्यातल्या प्रत्येक ग्राहक पेशीला किती फोटॉन मिळतात यावरून गोंगाट ठरवला तरच ती तुलना खरी होईल. सध्या त्याच भागाचा कोड लिहितोय.

त्यासोबत दिव्यांचा प्रयोगही घालतोय. 2021 मध्ये फॉस्टर, डाके आणि इतरांनी जोहान्सबर्गमधल्या इमारतीच्या गच्चीवर आणि शहरापासून लांब अंधाऱ्या जागी हेच किडे तपासले. थेट दिवे दिसत होते तिथे किड्यांनी आकाश सोडून दिवा धरला. वाटा सरळच राहिल्या, पण सगळ्यांच्या एकाच बाजूला गेल्या. एरवी ढिगापासून चहूकडे पांगणारे किडे एकाच वाटेवर आले तर पुन्हा एकमेकांच्या गोळ्यांवर येणार. दिवे थेट दिसत नसून नुसतं आकाश उजळलेलं असेल, तिथे दिशा टिकवणंच कठीण झालं.

माझ्या 36 भागांपैकी एकात खूप मोठा आकडा टाकला की मॉडेलचा किडा सरळ चालतो, पण दिव्याकडे खेचला जात नाही. तो दिवाही चित्रातली एक खूण म्हणून वापरतो आणि आपली निवडलेली दिशा धरतो. खरा किडा असं करत नाही. म्हणजे नुसत्या चित्राच्या जुळणीने हे वागणं येत नाही, उजेडाकडे ओढणारं आणखी एक बल किड्यात असलं पाहिजे. ते जुळणीच्या आधी लावायचं की वळण ठरल्यावर त्यात मिसळायचं, हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी चालवून बघतोय. पहिल्या पर्यायात किडे नाचतानाच दिव्याची बाजू निवडतील, दुसऱ्यात वेगवेगळ्या दिशांना निघून वाटेत दिव्याकडे वाकतील, आणि वाटांच्या आलेखात हा फरक स्पष्ट दिसायला हवा.