चॅटमधली एक ओळ

फोन आणि संगणकातला पुरावा जतन करणं हे माझं काम. त्या दिवशी आलेल्या बाईंनी ओळखीतल्या एकाला उसने पैसे दिले होते आणि तो आता नाही म्हणत होता. चॅटचे स्क्रीनशॉट त्यांच्याकडे होते. मागणी एवढीच, की मधला त्यांचा एक मेसेज काढून टाकायचा. रागाच्या भरात त्यांनी त्याला उसने पैसे परत दिले नाहीस तर घरी येऊन तमाशा करीन असं लिहिलं होतं.

"बाकी सगळं खरंच आहे ना ताई, एक ओळ गेली तर काय बिघडतं?"

मी नाही म्हटलं, आणि त्यांच्याच फोनवर दाखवलं. "हो, पैसे देणं आहे, थोडं थांबा" हे त्याचं उत्तर नेमकं त्या रागाच्या मेसेजला रिप्लाय म्हणून आलं होतं. म्हणजे ओळ पुसली तरी वरच्या चौकटीत तीच उमटलेली होती. चौकटही पुसली, तर कुठले पैसे हेच कळत नाही. शिवाय हेच चॅट त्याच्या फोनमध्येही होतं. त्याने ते समोर ठेवलं असतं, की एका ओळीपायी बाकीच्या खऱ्या मेसेजवरचाही विश्वास उडाला असता. मुद्दाम बदललेला पुरावा दाखल करणं हा वेगळा गुन्हा ठरू शकतो, हेही सांगितलं.

मग खरं काम सुरू केलं. सर्वांत आधी डिसअपिअरिंग मेसेजेस चालू आहेत का ते पाहिलं, नव्हते. चालू असते तर नुसतं बंद करून भागत नाही, आधी पाठवलेले मेसेज ठरल्या वेळी जातातच, त्यामुळे घाई करावी लागते. त्यानंतर दुसऱ्या फोनने चित्रीकरण केलं: संपर्काचं पान उघडून नंबर, मग पहिल्या मेसेजपासून शेवटपर्यंत सावकाश. नंबर दाखवायचा, कारण चॅटमध्ये दिसतं ते सेव्ह केलेलं नाव, आणि नाव कोणीही काहीही ठेवू शकतो.

पुढे चॅट एक्स्पोर्ट केलं. त्यातली मजकुराची फाइल कोणालाही बदलता येते, म्हणून लगेच सगळ्या झिप फाइलचा हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा आकडा, काढून तारीख-वेळेसह नोंदवला:

```
certutil -hashfile chat.zip SHA256
```

फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी हा आकडा पार वेगळा येतो. पण त्यातून कळतं ते इतकंच, की नोंद केल्यानंतर फाइल बदललेली नाही. त्याआधीचं सांगायला मूळ फोनच लागतो. म्हणून फोन विकू नका, रीसेट करू नका, ॲप काढू नका, असं बजावलं. स्क्रीनशॉट वकिलांना फोटो म्हणून पाठवले की ते दाबून लहान होतात, तेव्हा डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायला लावले.

चॅटमध्ये त्यांच्या बहिणीच्या बँक खात्याचा नंबरही होता. तो झाकणं रास्त होतं, पण वेगळ्या प्रतीवर, उघड काळी पट्टी ओढून आणि तसं लिहून. मूळ प्रत जशीच्या तशी राहिली.

वकिलांनी रागाचा मेसेज वाचला आणि म्हणाल्या, "हा आपणच आधी सांगू. त्याचं उत्तर यालाच तर आहे."