शून्य की ओ

दिवाळीला आठ दिवस राहिले होते. दुपारी अडीच वाजता काकूचा फोन आला. काकू फराळाच्या ऑर्डरी घेते, कोथरूडमध्ये, घरच्या घरी, आणि या दिवसांत ती दुपारी फोन करते तेव्हा एक तर गॅस संपलेला असतो किंवा माझं काहीतरी चुकलेलं असतं.

"अरे, त्या डहाणूकर कॉलनीतल्या आजी म्हणतायत, त्यांना त्यांच्या चिठ्ठीवर दुसऱ्याच कुणाचे अनारसे दिसतायत. त्यांनी चकली सांगितलीय."

माझं चुकलेलं होतं.

काकूच्या ऑर्डरींचा छोटासा प्रोग्राम मीच केलाय. ऑर्डर आली की डेटाबेसमध्ये एक ओळ वाढते, ओळीला क्रमांक पडतो, आणि त्या क्रमांकावरून एक आखूड लिंक तयार होते. लिंक उघडली की आपलं काय सांगितलंय, किती पैसे बाकी, न्यायला कधी यायचं ते दिसतं. काकू ती लिंक व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. ती जाड मार्करने चिठ्ठीवर लिहिते आणि चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवते. त्यामुळे लिंक आखूड हवी होती. ४८२३ या ऑर्डरची लिंक `3pz` वर संपते. कॉम्प्युटरला हे एका ओळीत जमतं आणि उलटंही एका ओळीत:

```
(4823).toString(36)   // "3pz"
parseInt("3pz", 36)   // 4823
```

दहा अंक आणि इंग्रजीची सव्वीस अक्षरं, झाली छत्तीस चिन्हं. `a` म्हणजे दहा, `b` अकरा, असं करत `z` म्हणजे पस्तीस. मराठी माणसाला छत्तीस म्हटलं की एक तर पत्रिका आठवते, नाही तर एकमेकांकडे पाठ करून बसलेले तीन आणि सहा. पाढा मात्र आठवत नाही, कारण आमचे पाढे तिसावर थांबले.

हे गणित करताना मला नेहमी आजोबा आठवतात. आमचा वाडा सदाशिव पेठेत होता. मे महिन्याच्या दुपारी बाहेर ऊन रटरटत असताना ते मला ओसरीवर बसवून आणे-पैचे हिशोब घालायचे. देशात दशमान नाणी १९५७ सालीच आली होती आणि मला शाळेत आण्यांचं नावही कुणी विचारत नव्हतं, पण आजोबांच्या मते ज्याला बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया जमत नाही त्याला हिशोब जमत नाही. "हजार पै. किती झाले?" मी पाटीवर बारानं भागायचो. त्र्याऐंशी आणे, बाकी चार. त्र्याऐंशीला सोळानं भागायचं, पाच रुपये, बाकी तीन. मी ऐटीत "पाच रुपये" म्हणून पाटी पुसायला जायचो की हातावर चापट. "बाकी कुठे टाकलीस? पाच रुपये, तीन आणे, चार पै. बाकी खालून वर वाचायची."

छत्तीसचं तेच आहे, फक्त आणा आणि रुपया दोघंही छत्तिसाचे. ४८२३ ला छत्तीसनं भागा, १३३ येतात, बाकी ३५, म्हणजे `z`. १३३ ला परत भागा, ३ येतात, बाकी २५, म्हणजे `p`. तिनात छत्तीस जात नाहीत, म्हणून तीन तसेच राहिले. आता बाकी खालून वर वाचा: `3pz`. आजोबांनी हातावर चापट न मारता मान्य केलं असतं.

आता कुणी म्हणेल की ४८२३ चार अक्षरी, `3pz` तीन अक्षरी, म्हणजे एवढा खटाटोप करून वाचलं काय, तर एक अक्षर. खरं आहे. पण हा जिना वर गेल्यावर रुंद होतो. चार अक्षरांत `zzzz` पर्यंत गेलं तर १६ लाख ७९ हजार ६१५ वी ऑर्डर होते, जी एरवी सात आकडी लिहावी लागली असती. काकू तेवढे अनारसे करणार नाही ही गोष्ट वेगळी. सुरुवातही मी एकपासून केली नाही, १२९६ पासून केली. छत्तीस छत्तीसे तेवढे होतात आणि त्याची लिंक बरोबर `100` येते, म्हणजे पहिल्या दिवसापासून सगळ्या चिठ्ठ्या तीन अक्षरी. काकूला कारण सांगितलं नाही, पण तिला ते आवडलं. "बरं केलंस, पावती पुस्तक पण कुणी एक नंबरपासून सुरू करत नाही. आपणच पहिले बकरे असं वाटतं लोकांना."

मोठी आणि लहान अक्षरं वेगळी मोजून बासष्ट चिन्हं घेता आली असती. मी घेतली नाहीत, कारण फोनवर "कॅपिटल पी का स्मॉल" हे कोण विचारत बसणार, आणि ४८२३ ला बासष्टातही तीनच अक्षरं लागतात. मराठी अक्षरं का नाहीत, हे काकूनं विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. पण लिंकमध्ये टाकलेला एकटा `क` पुष्कळदा कॉपी केल्यावर `%E0%A4%95` होऊन बाहेर येतो. एका अक्षराची नऊ. काकू म्हणाली, मग राहू दे.

तर डहाणूकर कॉलनीतल्या आजी. त्यांची ऑर्डर ४८२४. ४८२३ नंतरची, म्हणून `z` भरला, हातचा एक पुढे गेला, आणि लिंक झाली `3q0`. काकूनं मार्करने गोल काढला. आजींनी तो `o` वाचला आणि `3qo` टाइप केलं. `o` म्हणजे चोवीस. शेवटच्या जागी शून्याचा ओ झाला की ऑर्डर बरोबर चोवीस घरं पुढे सरकते, म्हणजे ४८४८. इतर कुठल्या दिवशी ४८४८ अजून आलेलीच नसती, "अशी ऑर्डर नाही" असं दिसलं असतं आणि आजींनी चष्मा पुसून परत पाहिलं असतं. पण दिवाळीच्या तोंडावर दुपारपर्यंत चोवीस ऑर्डरी सहज पडतात. चुकीची लिंक व्यवस्थित उघडली. त्यातलं खरं वाईट हेच आहे. सगळे क्रमांक ओळीनं भरलेले असले की चुकीचं अक्षरही कुणाच्या तरी दारात नेऊन सोडतं, आणि प्रोग्रामला काही चुकलंय हे कळायला वावच नसतो. `1` आणि `l` चं तसंच, तिथे वीस घरांचा फरक पडतो. अशी गल्लत मधल्या अक्षरात झाली तर तो फरक छत्तीस पट.

डग्लस क्रॉकफर्ड यांनी यावर बत्तीस चिन्हांची पद्धत सुचवली आहे. तीत `i`, `l`, `o`, `u` ही अक्षरं मुळात नाहीतच, आणि कुणी `o` टाइप केलाच तर त्याचं मुकाट शून्य करायचं. शहाणपणाची गोष्ट आहे. छत्तीसमध्ये ती सोय नाही, कारण दोघंही कामावर असतात. पण बत्तीससाठी मला सगळं हातानं लिहावं लागलं असतं आणि छत्तीस फुकटात मिळत होतं. फुकट मिळतं तिथे पुणेकर फार चौकशी करत नाही.

मी काकूला शून्यात तिरकी रेघ मारायला सांगितलं. ती म्हणाली, रेघ मारली की लोकांना वाटतं ऑर्डर रद्द झाली.

संध्याकाळी दुसरं कळलं. काकूच्याच इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या मुलानं `3pz` चं `3py` करून पाहिलं होतं, मग `3px`, मग मागे मागे. त्याच्या आईला आता कुणाकडे किती किलो करंज्या गेल्या हे तोंडपाठ होतं. म्हणजे चुकून दुसऱ्याच्या दारात जाणं राहिलं बाजूला, हा रांगेनं कड्या वाजवत निघाला होता.

म्हणून रात्री बसून मी क्रमांक पिसायचा उपाय केला. छत्तीसमध्ये बदलण्याआधी क्रमांकाला १२३४७ नं गुणायचं आणि ४६६५६ नं भागून बाकी घ्यायची. ४६६५६ म्हणजे छत्तीसचा घन, तीन अक्षरांत मावणारे सगळे आकडे. गुणायचा आकडा दोननं आणि तीननं भाग न जाणारा हवा, नाही तर दोन ऑर्डरी एकाच लिंकवर येऊन बसतात. परतीला ३३०११ नं गुणायचं, की मूळ क्रमांक मिळतो. ४८२३ ची बाकी १६५२५, तिचं झालं `cr1`. पुढच्या दोघांचं `ma0` आणि `vsz`. शेजारी शेजारी राहणाऱ्या तीन ऑर्डरी तीन गावांना गेल्या. मी खूश.

मग शेवटची अक्षरं पाहिली. एक, शून्य, `z`. दर वेळी एक पाऊल मागे. १२३४७ ला छत्तीसनं भागलं की बाकी पस्तीस उरते, म्हणजे एक कमी, आणि शेवटचं अक्षर तेवढंच ऐकतं. चौथ्या मजल्यावरच्या मुलाला हे ओळखायला एक सुट्टी पुरली असती. दुसरा आकडा घेतला तर चाल वेगळी होईल, पण चाल राहीलच. पिसणं म्हणजे कुलूप नाही. कुलूप हवं असेल तर लिंकबरोबर मोबाइलचे शेवटचे चार आकडे विचारायचे, हे मला पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं. ते मात्र त्याच रात्री चालू केलं.

पिसलेल्या लिंका दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर काकूला दाखवल्या. तिनं चष्मा लावून मधली वाचली.

"माओ."

"काकू, ते शून्य आहे."

"मला ओ दिसतोय." आणि तिनं सरळ `mao` टाइप केलं. चोवीस घरं पुढे जायचा प्रश्नच नव्हता, पिसल्यामुळे ती थेट ३९३६ वर, मागच्या एका दिवाळीत जाऊन पडली. दोन किलो अनारसे, पाव किलो कडबोळी, पैसे मिळाले.

काकू स्क्रीनकडे बघत राहिली. "या बाईंनी पुढच्या वर्षी ऑर्डरच दिली नाही बघ," ती म्हणाली. "अनारसे जरा चामट झाले होते तेव्हा. फोन करू का त्यांना?"

पिसलेल्या लिंका मी अजून चालू केलेल्या नाहीत.