मुलीचा नंबर वाढतो म्हणजे नेमकं काय वाढतं?

तिसरीत गेल्यावर मुलगी टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसायला लागली. ‘जवळून बघून बघून डोळे बिघडवलेस,’ असं सासूबाई तिला रोज ऐकवायच्या. फळ्यावरचं वाचताना ती डोळे बारीक करते, असं शाळेतल्या बाईंनीही सांगितलं. डोळ्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं उलट होतं. लांबचं धूसर दिसतं म्हणून ती पुढे सरकते. पापण्या मिटत आणल्या की उजेड अरुंद फटीतून आत जातो आणि तेवढ्यापुरतं स्पष्ट दिसतं.

मशीनवर दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस १.७५ आला, पण त्यावरून चष्मा लिहून दिला नाही. लहान मुलं मशीनमध्ये बघतानाही जवळचं बघितल्यासारखा डोळ्यांवर जोर देतात, त्यामुळे मायनस जास्त दिसू शकतो. म्हणून थेंब घालून बराच वेळ बसवून ठेवलं. थेंब चुरचुरतात, हे मुलांना आधीच सांगितलेलं बरं. बाहुली मोठी झाली, उजेड सहन होईना, दुसऱ्या दिवशीही पुस्तकातली अक्षरं पुसट दिसत होती. परीक्षेच्या तोंडावर ही तपासणी नकोच. पण थेंबांनंतरचा नंबर निघाला मायनस १.२५, आणि चष्मा त्याचाच केला.

‘थोडा कमी नंबरचा द्या, म्हणजे वाढणार नाही,’ असं मी सुचवून पाहिलं. त्याने वाढ थांबत नाही, वर फळा धूसरच राहतो, असं उत्तर मिळालं.

वर्षभरात नंबर मायनस २ झाला. या वेळी मला नंबरापेक्षा दुसराच आकडा पटला. डोळ्याची पुढून मागेपर्यंतची लांबी आधी २३.६ मिलिमीटर होती, ती २४ झाली होती. डोळा लांबट होतो, पडदा मागे सरकतो आणि लांबच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. वाढलेली लांबी परत कमी होत नाही, त्यामुळे गाजरं आणि डोळ्यांचे व्यायाम सुचवणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलं.

मग रात्री झोपताना ०.०१ टक्के अॅट्रोपिनचा एकेक थेंब सुरू झाला. त्याने नंबर उतरत नाही, फार तर वाढीचा वेग कमी होतो, आणि तोही प्रत्येक मुलात सारखा नाही. रोज दोन तास बाहेर उजेडात खेळायलाही सांगितलं. अर्थात याचा खरा उपयोग नंबर लागण्याआधी जास्त, म्हणून धाकट्यालाही तिच्याबरोबर मैदानावर पिटाळते.

पुढच्या वर्षी लांबी २४.२ आणि नंबर मायनस २.५० भरला. मी खूश झाले, पण डॉक्टरांनी सगळं श्रेय थेंबांना दिलं नाही. वय वाढतं तशी ही वाढ आपसूकही मंदावते, म्हणाले. थेंब मात्र सध्या चालू ठेवलेत, आणि दर सहा महिन्यांनी लांबी मोजायची आहे.